50 लाखांचं वाक्य: गुंतवणुकीच्या व्हिडिओतले दावे कसे तपासायचे आणि पडद्यावर काय लिहायचं

गुंतवणुकीच्या मराठी व्हिडिओंमध्ये डिस्क्लेमर बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी आठवतो. स्क्रिप्ट झाली, शूट झालं, एडिट झालं, आणि अपलोड करायच्या आधी कुणीतरी म्हणतं, "अरे, खाली ती बाजारातल्या जोखमीची ओळ टाकायची राहिली." मग ती ओळ राखाडी रंगात, बारीक अक्षरांत, बरेचदा इंग्रजीतच, तळाशी चिकटवली जाते. वर मोठ्या पिवळ्या अक्षरांत मात्र "50 लाख पक्के" तसंच राहतं.

हा क्रम उलटा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात डिस्क्लेमरसाठी वेगळं कलम आहे आणि नवख्या लेखकानं ते आधी समजून घ्यावं. डिस्क्लेमरनं दाव्याचा खुलासा करावा, त्याला मर्यादा घालावी. पण मुख्य दाव्याच्या विरुद्ध बोलू नये आणि दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करायचा प्रयत्न करू नये, असं ते कलम सांगतं. म्हणजे "पक्के" असं वर लिहून खाली "हमी नाही" लिहिलं, तर चूक झाकली जात नाही, उलट ती ठसठशीत दिसते. तुमचा व्हिडिओ जाहिरात नसेल तर हे नियम कदाचित थेट लागू होणार नाहीत. पण कसोटी म्हणून याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. आधी दावा दुरुस्त करायचा, आणि त्यानंतरही जे सांगायचं उरेल तेवढंच डिस्क्लेमरमध्ये लिहायचं.

हे कसं करायचं ते एकाच उदाहरणावर पाहू. एसआयपीवरचा सहा मिनिटांचा व्हिडिओ आहे आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीचा भाग असा आहे:

"दर महिन्याला फक्त 5 हजार भरा आणि 20 वर्षांनी 50 लाख मिळवा! कारण इक्विटी म्युच्युअल फंड 12 टक्के परतावा देतातच. लाँग टर्ममध्ये तोटा होतच नाही. एफडीपेक्षा हे केव्हाही चांगलं, आणि टॅक्सही जवळजवळ लागत नाही. माझ्या आवडत्या फंडाची लिंक खाली दिली आहे."

असे परिच्छेद रोज लिहिले जातात, आणि ते लिहिणारे सगळे फसवायला बसलेले नसतात. इकडून तिकडून ऐकलेलं आणि ऐकताना खरं वाटलेलं ते लिहून टाकतात, एवढंच.

पहिली पायरी: दावे सुटे करा

स्क्रिप्टची एक प्रत घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहा: हे खोटं ठरू शकतं का? ज्याचं उत्तर "हो" येईल, तो दावा. "नमस्कार मंडळी" हा दावा नाही. "तोटा होतच नाही" हा आहे. वरच्या परिच्छेदात निदान सात दावे निघतात: 50 लाखांचा आकडा, तो मिळेलच ही खात्री, 12 टक्के, "देतातच" मधली हमी, तोट्याविषयीचं विधान, एफडीशी तुलना आणि टॅक्स. लिंकचं वाक्य दाव्यासारखं दिसत नसलं तरी ती शिफारस आहे, त्यामुळे तेही यादीत घ्या.

मराठीत दावा पुष्कळदा एका अक्षरात दडलेला असतो. "देतात" आणि "देतातच" यांत केवळ ठसक्याचा फरक वाटतो, पण त्या "च"मुळे नोंद हमी होऊन बसते. "फक्त", "सहज", "कधीही", "पक्कं", "आरामात" हे शब्दही तसेच. बोलण्याच्या ओघात ते आपोआप येतात, म्हणून लिहिलेल्या स्क्रिप्टवर समाधान मानू नका. शूटमध्ये प्रत्यक्ष काय बोललं गेलं ते ऐकून हीच यादी पुन्हा ताडून पाहा. थंबनेल, शीर्षक आणि ग्राफवरचे आकडेही त्याच यादीत हवेत. कितीतरी प्रेक्षक व्हिडिओ न उघडता नुसतं थंबनेल बघून पुढे जातात. त्यांच्यासाठी तोच तुमचा संपूर्ण दावा असतो.

प्रत्येक दाव्यासमोर त्याचा प्रकार लिहा. गणित आहे, भूतकाळाची नोंद आहे, नियम आहे, तुलना आहे की भाकीत आहे? प्रकार कळला की तपासायचं कुठे ते कळतं. भाकिताला मात्र पुरावा मिळूच शकत नाही. ते एकतर काढायचं, नाहीतर "असं गृहीत धरलं तर" या रूपात आणायचं.

दुसरी पायरी: गणित स्वतः करा

50 लाखांचा आकडा कुठून आला? बहुधा एखाद्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमधून. तो तसाच उचलू नका. एक्सेल किंवा गूगल शीट उघडा आणि हे टाका:

```
=FV(0.01,240,-5000,0,1)
```

उत्तर 49 लाख 95 हजारांच्या जवळपास येतं, म्हणजे हाच तो "50 लाख" आकडा. पण इथे महिन्याला 1 टक्का धरला आहे. दरमहा 1 टक्का चक्रवाढीनं वर्षाला 12 टक्के होत नाही, 12.68 टक्के होतो. फंडांचा परतावा मात्र वार्षिक चक्रवाढ दरानं सांगितला जातो. स्क्रिप्टमध्ये "वर्षाला 12 टक्के" म्हणायचं असेल, तर महिन्याचा दर असा काढावा लागतो:

```
=FV(1.12^(1/12)-1,240,-5000,0,1)
```

आता उत्तर येतं सुमारे 46 लाख. गुंतवणूक तीच, वर्षं तीच, तोंडी सांगितलेला दरही तोच, आणि तरी फरक जवळजवळ 4 लाखांचा. कॅल्क्युलेटर खोटा नसतो, त्याची मोजायची पद्धत वेगळी असते. पण प्रेक्षकाला तुम्ही "12 टक्के" सांगता तेव्हा त्याच्या मनात फंडाच्या पानावर दिसणारे 12 टक्के असतात. त्यामुळे आकडा 46 लाखांचाच द्यायला हवा.

याच सूत्रात 1.12 च्या जागी 1.10 घातलं तर सुमारे 36.2 लाख येतात, 1.08 घातलं तर सुमारे 28.6 लाख. हे तीन आकडे शेजारी ठेवले की डिस्क्लेमरचं निम्मं काम झालेलं असतं. दर चार टक्क्यांनी कमी धरला तर अखेरची रक्कम 17 लाखांहून जास्त खाली येते, हे पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही, दिसतंच. "परतावा कमी-जास्त होऊ शकतो" या वाक्यातून हे कधीच पोहोचत नाही. माझं ठाम मत आहे की गृहीत परताव्यावरचा कोणताही ग्राफ एका रेषेचा नसावा. किमान दोन दर दाखवा, आणि त्यातला एक तुम्हाला न आवडणारा असू द्या.

महागाईचाही उल्लेख हवा. वर्षाला 6 टक्के महागाई धरली तर 20 वर्षांत किमती सुमारे 3.2 पट होतात. तेव्हाच्या 46 लाखांत आजच्या सुमारे 14 लाखांइतकी खरेदी होईल. इथे नवखा लेखक हमखास घसरतो. 14 लाख आणि भरलेले 12 लाख शेजारी ठेवून तो म्हणतो, "बघा, काहीच फायदा नाही." हे चूक आहे, कारण ते 12 लाखही 20 वर्षांत थोडे थोडे भरलेले आहेत आणि पुढचे हप्ते आजच्या पैशांत कमी किमतीचे आहेत. घाबरवणारा दावाही दावाच असतो. त्यालाही हीच चाळणी लावायची.

तिसरी पायरी: इतिहास मागा, पण तारखांसह

"12 टक्के देतात" हे वाक्य भूतकाळाची नोंद म्हणून मांडायचं असेल तर तीन गोष्टी हव्यात: कशाचा परतावा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि लाभांश धरून की सोडून. निफ्टीचा साधा निर्देशांक आणि लाभांशासकटचा निर्देशांक यांचे आकडे वेगळे असतात. दुसरा टीआरआय या नावानं मिळतो आणि फंडांची तुलना त्याच्याशी केली जाते. दोन्ही niftyindices.com वर सापडतात, फंडांची रोजची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, फंड कंपन्यांच्या संघटनेच्या, अॅम्फीच्या, संकेतस्थळावर. एखाद्या ब्लॉगवरचा किंवा दुसऱ्या व्हिडिओतला आकडा हा पुरावा होत नाही. तो मूळ ठिकाणी सापडला नाही तर स्क्रिप्टमधून काढा.

मिळालेला आकडा एका सोप्या कसोटीवर पाहा. सुरुवातीची तारीख एक वर्ष मागे न्या, मग एक वर्ष पुढे आणा, आणि दोन्ही वेळा परतावा पुन्हा काढा. उत्तर फारसं हललं नाही तर ठीक. तीन-चार टक्क्यांनी हललं, तर तुम्ही सांगताय तो परतावा नसून तुम्ही निवडलेल्या तारखेची करामत आहे. मार्च 2020 च्या पडझडीच्या तळापासून मोजलेला कुठलाही परतावा देखणा दिसतो. एकट्या 2008 या वर्षात सेन्सेक्स अर्ध्याहून जास्त घसरला होता. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजलं तर चित्र वेगळं, आणि अखेरीपासून मोजलं तर आणखी वेगळं. शिवाय एकरकमी गुंतवणुकीचा परतावा एसआयपीच्या व्हिडिओत वापरू नका. हप्त्यांचा परतावा XIRR या सूत्रानं निघतो आणि तो त्याच काळातल्या एकरकमीपेक्षा वेगळा येतो.

"लाँग टर्ममध्ये तोटा होतच नाही" हे वाक्य तपासायला एक उदाहरण पुरे. जपानचा निक्केई निर्देशांक 29 डिसेंबर 1989 ला 38,915 वर बंद झाला होता. तो आकडा त्यानं पुन्हा ओलांडला 22 फेब्रुवारी 2024 ला. मध्ये 34 वर्षं गेली. यात लाभांश धरलेला नाही, आणि दरमहा थोडं थोडं गुंतवणाऱ्याचा अनुभव याहून बरा असणार, हेही सांगायला हवं. तरीही "होतच नाही" हे वाक्य उभं राहत नाही. त्याऐवजी असं म्हणता येईल: "भारतातल्या मोठ्या निर्देशांकांत जितका जास्त काळ गुंतवणूक राहिली, तितकी तोट्याची शक्यता आजवर कमी दिसली आहे, पण ती शून्य होईल असं कुणी सांगू शकत नाही." आणि "आजवर" म्हणजे कधीपासून, ते पडद्यावर लिहा.

एफडी आणि टॅक्स

या दोन ओळी लवकर आटोपतात. एफडीत व्याजाचा दर आधी ठरलेला असतो, आणि प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या मुद्दल-व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच्या रकमेला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. इक्विटी फंडात यातलं काहीच नाही. दोन्हींची कामं वेगळी असल्यानं "केव्हाही चांगलं" हे शब्द जायला हवेत. दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला पैसे लागणार असलेल्या आईसाठी ते वाक्य सरळ घातक आहे.

टॅक्सचं वाक्य चुकीचंच आहे. 23 जुलै 2024 पासूनच्या नियमानुसार, एक वर्षाहून जास्त ठेवलेल्या इक्विटी फंडाच्या युनिट्सवरचा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आणि त्यावर 12.5 टक्के कर. आपल्या उदाहरणात सगळी रक्कम एकदम काढली तर नफा 34 लाखांच्या आसपास, आणि कर उपकरासह सव्वाचार लाखांच्या घरात जातो. शेवटच्या वर्षातल्या हप्त्यांना अल्प मुदतीचा वेगळा दर लागतो, त्यामुळे हा अंदाजच समजायचा. "जवळजवळ लागत नाही" म्हणता येईल अशी ही रक्कम नक्कीच नाही. करनियम असलेल्या प्रत्येक फ्रेमवर तारीख टाका. व्हिडिओ चार वर्षं पाहिला जातो, अर्थसंकल्प दरवर्षी येतो.

चौथी पायरी: तुम्ही कोण, आणि लिंकमागे काय

आता "माझा आवडता फंड". सेबीच्या नोंदणीशिवाय मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देता येत नाही. ते नियम 2013 पासून आहेत. "हा व्हिडिओ केवळ शैक्षणिक हेतूसाठी" ही ओळ टाकली की सुटलो, असा समज फार पसरला आहे. सेबी ओळ वाचत नाही, व्हिडिओत काय सांगितलं ते पाहते. ऑक्टोबर 2023 मध्ये 'बाप ऑफ चार्ट' या नावानं शिकवण्या चालवणाऱ्यांविरुद्धच्या अंतरिम आदेशात सेबीनं हेच म्हटलं: शिक्षणाच्या नावाखाली खरेदी-विक्रीच्या शिफारशी दिल्या गेल्या. 17 कोटींहून जास्त रक्कम वेगळ्या खात्यात जमा करायला सांगण्यात आलं. पुढे 29 जानेवारी 2025 च्या परिपत्रकात सेबीनं शिक्षण आणि सल्ला यांतली रेघ आणखी ठळक केली. त्यात शिकवताना शेअरचं नाव घेऊन अलीकडच्या तीन महिन्यांचे भाव वापरण्यावरही बंधन आलं. हे नियम बदलत राहतात, म्हणून शूटच्या आठवड्यात सेबीच्या संकेतस्थळावर ताजं परिपत्रक एकदा पाहूनच घ्या.

सोपा मार्ग असा: नोंदणी नसेल तर फंडाचं, शेअरचं नाव घेऊ नका. प्रकार समजावा, नाव नको. नोंदणी असेल तर नाव, नोंदणी क्रमांक आणि पात्रता पडद्यावर वाचता येईल अशी द्या.

लिंकमधून तुम्हाला एक रुपयाही मिळणार असेल तर ती जाहिरात झाली आणि तसं सांगावं लागतं. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे आस्कीच्या, नियमांत इन्फ्लुएन्सरसाठी वेळही ठरवून दिलेली आहे. 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत "जाहिरात" हे लेबल किमान 2 सेकंद दिसावं. 15 सेकंद ते 2 मिनिटांच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. त्याहून मोठ्या व्हिडिओत, ज्या भागात ब्रँडविषयी बोलताय तो संपूर्ण भाग. डिस्क्रिप्शनमध्ये "आणखी पाहा" दाबल्यावर दिसणारी ओळ यात मोजली जात नाही.

पाचवी पायरी: वाक्य पुन्हा लिहा

तपास झाला की सुरुवातीचा परिच्छेद असा होतो:

"दर महिन्याला 5 हजार रुपये, 20 वर्षं. वर्षाला 12 टक्के परतावा मिळाला असं धरलं तर सुमारे 46 लाख होतात. 8 टक्केच मिळाला तर साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास. यातलं काय होईल हे आधी कुणालाच माहीत नसतं, कारण इक्विटी फंडात एफडीसारखा ठरलेला दर नसतो. मधल्या काळात रक्कम भरलेल्या पैशांपेक्षा कमीही दिसू शकते. आणि काढताना नफ्यावर कर भरावा लागतो."

अट आणि आकडा इथे एकाच श्वासात येतात, आणि ते मुद्दाम केलं आहे. या व्हिडिओतला 20 सेकंदांचा तुकडा कुणीतरी कापून रील करणारच, कदाचित तुम्हीच कराल. अट व्हिडिओच्या शेवटी ठेवली असेल तर ती कापली जाईल आणि आकडा एकटाच फिरेल. मूळ वाक्यातच अट असेल तर कापणाऱ्याला ती वगळणं कठीण जातं.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. "मिळतील" हे वचन आहे. "मिळू शकतात" बरं, पण गुळगुळीत आहे. लॉटरीतही एक कोटी मिळू शकतात. "धरलं तर होतात" सगळ्यात प्रामाणिक, कारण ते गणित आहे आणि गणित असल्याचं सांगतं. भूतकाळ सांगताना "झाले असते" वापरा, "झाले" नको, कारण त्या काळात तुमच्या प्रेक्षकानं पैसे गुंतवलेले नव्हते.

सहावी पायरी: पडद्यावरचा मजकूर

इथे जागा कमी आणि घाई जास्त, म्हणून चुका इथेच होतात. 46 लाखांचा ग्राफ दिसत असताना खालच्या पट्टीत मी हे लिहीन:

उदाहरण: दरमहा ₹5,000, 20 वर्षं, वर्षाला 12% गृहीत
8% धरल्यास सुमारे ₹28.6 लाख. परताव्याची हमी नाही.

दोन ओळी, बस. फंड कंपन्यांच्या जाहिरातींत येणारी "बाजारातील जोखमीच्या अधीन" ही ओळ याच्या जागी चालणार नाही. ती त्या कंपन्यांच्या जाहिरातींसाठी ठरलेली आहे आणि ऐकून ऐकून लोकांचे कान तिला सरावलेत. तुमच्या ग्राफमध्ये नेमकं काय गृहीत धरलंय ते ती सांगत नाही.

भाषा दाव्याचीच हवी. बोलणं मराठीत आणि डिस्क्लेमर इंग्रजीत, हे प्राधिकरणाच्या 2022 च्या तत्त्वांतही बसत नाही आणि आस्कीच्या नियमांतही नाही. त्याच तत्त्वांनुसार दावा आवाजात असेल तर डिस्क्लेमर त्याच वेळी पडद्यावर यायला हवा, दहा सेकंदांनी नाही. वेळेसाठी आस्कीनं टीव्ही जाहिरातींकरता दिलेलं माप वापरा: प्रत्येक ओळीला 4 सेकंदांहून जास्त, आणि एका फ्रेममध्ये दोनपेक्षा जास्त ओळी नाहीत. वरच्या दोन ओळींना मी 10 सेकंद देईन. शंका असेल तर मजकूर मोठ्यानं, घाई न करता वाचा आणि घड्याळ लावा. तेवढा वेळ मिळत नसेल तर शब्द कमी करा, अक्षरं बारीक करू नका.

देवनागरीच्या काही स्वतःच्या अडचणी आहेत. वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरं बारीक फॉन्टमध्ये एकमेकांत मिसळतात. "जोखीम" वाचलं जातं, पण "संरक्षण" आणि "गृहीत" यांचा चिखल होतो. जाड वजनाचा फॉन्ट घ्या आणि ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. एडिटिंगच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची सेटिंग चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. एक्सपोर्ट केलेली फाइल पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही. दशांश चिन्ह ही आणखी एक जागा. फोनवर 1.25 मधला ठिपका नाहीसा झाला की सव्वा लाखाचे सव्वाशे लाख होतात. म्हणून जिथे जमेल तिथे "सव्वा लाख" असं अक्षरांत लिहा.

जागेचं म्हणाल तर अगदी तळ टाळा. तिथे सबटायटल येतं, आणि उभ्या व्हिडिओत शीर्षक व बटणं. पट्टी तळापासून थोडी वर, मागे गडद रंग. शेवटी फोन हातभर लांब धरा, ब्राइटनेस निम्मा करा, आवाज बंद करा आणि एकदाच पाहा. आवाजाशिवाय पाहणाऱ्याच्या डोळ्यांत फक्त "46 लाख" राहिलं आणि "गृहीत" निसटलं, तर आकडा आणि गृहीत एकाच आकाराच्या अक्षरांत आणा.

थंबनेलवर डिस्क्लेमर मावत नाही. म्हणून तिथे असा दावा टाकूच नका ज्याला डिस्क्लेमर लागतो. "50 लाख पक्के!" च्या जागी "5 हजारांची एसआयपी: 20 वर्षांनी किती?" चालेल. क्लिक थोडे कमी होतील. ती किंमत द्यायला हवी असं मला वाटतं.

आरोग्याच्या स्क्रिप्टला हेच कसं लावायचं

पायऱ्या त्याच, पण तिथे चूक अंगावर येते. "मेथीच्या पाण्यानं मधुमेह मुळापासून बरा होतो" असं वाक्य आलं तर डिस्क्लेमर शोधत बसू नका, वाक्य काढा. 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याच्या यादीत मधुमेह आहे. तो बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. "डॉक्टरांचा सल्ला घ्या" ही ओळ इथे त्या शैक्षणिक हेतूच्या ओळीइतकीच पोकळ आहे. नेमका धोका काय, तो लिहा. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना खाण्यापिण्यात मोठा बदल केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. दुसरीकडे, व्हिडिओ पाहून कुणी गोळ्याच बंद केल्या तर साखर वाढते. म्हणून पडद्यावर: "गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका, डोस बदलू नका. घाम, थरथर, चक्कर आल्यास साखर तपासा." हे वाचून माणूस काहीतरी करू शकतो.

अपलोड झाल्यावर

तपासाचा कागद फेकू नका. प्रत्येक दाव्यासमोर आकडा कुठून घेतला, कोणत्या तारखेला पाहिला आणि पानाचा स्क्रीनशॉट, एवढं फोल्डरमध्ये ठेवा. कुणी विचारलं तर उत्तर दहा मिनिटांत देता यायला हवं. नियम बदलला की कोणते व्हिडिओ तपासायचे तेही याच कागदांवरून कळतं. अर्थसंकल्पानंतर "कर" या शब्दावर शोध घेतला की यादी मिळते.

चूक सापडली तर ती कुठली आहे ते पाहा. बाजूचा तपशील चुकला असेल तर पिन केलेली कमेंट आणि डिस्क्रिप्शनची पहिली ओळ पुरते. त्यात चुकीचं वाक्य, त्याची वेळ आणि बरोबर माहिती तिन्ही द्या. मुख्य आकडाच चुकला असेल, म्हणजे 46 च्या जागी 50 गेलं असेल, तर कमेंटनं भागत नाही, कारण टीव्हीवर पाहणाऱ्यांपैकी फारच थोडे कमेंट उघडतात. तो भाग कापा, किंवा व्हिडिओ खाली उतरवून नव्यानं चढवा आणि जुन्याचं काय झालं ते नव्याच्या सुरुवातीलाच सांगा. त्यातून आधी कापलेली रील वेगळी चढवलेली असेल, तर तीही त्याच दिवशी काढा.